पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं, आणि मग ते तपासलं

वायफायचा पासवर्ड एकदा दिला की परत घेता येत नाही. समोरच्याच्या फोनमध्ये तो राहतो, फोनच्या बॅकअपमधून त्याच्या पुढच्या फोनमध्ये जातो, आणि सेटिंगमध्ये जाऊन क्यूआर कोड दाखवला की तिसऱ्याच्या फोनमध्येही पोहोचतो. आमच्या घरचा पासवर्ड कित्येक वर्षं एकच होता. नातेवाईक, मुलांचे मित्र, दुरुस्तीला आलेली माणसं, ज्यांनी मागितला त्यांना तो मिळाला होता. त्याच नेटवर्कवर टीव्ही होता, प्रिंटर होता आणि घरातले सगळे फोटो, कागदपत्रांचे स्कॅन ज्यात साठवतो ती नेटवर्कची डिस्कही होती. त्या डिस्कवरच्या सामायिक फोल्डरला वेगळा पासवर्ड नव्हता, कारण घरातल्या घरात तो कशाला, असं सगळ्यांचंच मत.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायचं ठरवलं तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की नुसतं वेगळं नेटवर्क सुरू करून काहीच साधत नाही. राउटरच्या पानावर `Guest Network` नावाचा भाग असतो. तिथे बटण चालू करायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, जतन करायचं, झालं. पण आजवर आलेल्या सगळ्यांकडे जुना पासवर्ड असतोच, आणि तो उघडतो मुख्य नेटवर्क. ते पुन्हा आले की त्यांचा फोन न विचारता तिथेच जोडला जाणार. नवीन पाहुण्यांपुरतं कुंपण आणि जुन्यांना आतपर्यंत मुभा, असा प्रकार.

म्हणजे मुख्य नेटवर्कचा पासवर्ड बदलणं आलंच. ते म्हणजे घरातलं प्रत्येक यंत्र पुन्हा जोडत बसणं. त्यातही काही यंत्रं अशी असतात की त्यांना वायफाय लागतं हेच आपण विसरलेलो असतो.

मी हे उलट्या बाजूने केलं. मुख्य नेटवर्कला नवीन नाव आणि नवीन पासवर्ड दिला, आणि जुनं नाव व जुना पासवर्ड जसाच्या तसा पाहुण्यांच्या नेटवर्कला दिला. क्रम मात्र सांभाळावा लागतो. दोन्ही नेटवर्कना एकाच वेळी एकच नाव राउटर घेऊ देत नाही, आणि घेतलं तरी फोनचा गोंधळ होईल. म्हणून आधी मुख्य नाव बदललं, लॅपटॉप नव्या नावाने जोडला, आणि मग पाहुण्यांचं नेटवर्क जुन्या नावाने सुरू केलं. हे काम लॅपटॉपला केबल लावून केलं तर मधेच संपर्क तुटत नाही.

याचा फायदा असा की जुना पासवर्ड माहीत असलेलं जगातलं प्रत्येक यंत्र त्या क्षणापासून आपोआप पाहुण्यांच्या बाजूला आलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. आणि राउटरच्या पानावर पाहुण्यांच्या नेटवर्कवर कोण कोण आहे याची यादी दिसते, ती म्हणजे आयती जनगणना. घरातलं जे जे यंत्र हलवायचं राहिलं होतं ते तिथे उभं होतं.

ती यादी वाचणं मात्र थोडं कष्टाचं. काही यंत्रं स्वतःचं नाव सांगतात, काही नुसता बारा अंकाक्षरांचा मॅक पत्ता दाखवतात. इथे एक खूण उपयोगी पडते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी स्वतःचा खोटा पत्ता तयार करून वापरतात, आणि अशा पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असतं. म्हणजे `DA:…` किंवा `72:…` असं काही दिसलं तर तो बहुतेक कुणाचा तरी फोन किंवा टॅब. बल्ब, प्लग, टीव्ही, प्रिंटर हे सहसा कारखान्यात मिळालेला खराच पत्ता वापरतात. शंका आली की सरळ ते यंत्र बंद करायचं आणि यादीतली कोणती ओळ जाते ते बघायचं. काही राउटर ती ओळ काढायला बऱ्यापैकी वेळ घेतात, तेव्हा लगेच निष्कर्षावर उडी नको.

टीव्ही, प्रिंटर, घरातले फोन नव्या नेटवर्कवर आणले. वायफायवरच्या बल्बांचा प्रश्न वेगळा होता. असे बल्ब पाहुण्यांच्या नेटवर्कवरच ठेवावेत असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. त्यामागचं कारण पटतं, कारण अशा स्वस्त यंत्रांना सुरक्षेच्या सुधारणा क्वचित मिळतात. पण पाहुण्यांचा पासवर्ड तर अधूनमधून बदलायचा असतो, आणि दर बदलाला प्रत्येक बल्ब बटण दाबून पुन्हा जोडायचा म्हटलं की माणूस पासवर्ड बदलणंच सोडून देतो. ज्यांच्या राउटरवर यंत्रांसाठी तिसरं नेटवर्क करण्याची सोय आहे त्यांनी तिथे ठेवावेत. आमच्यावर ती नाही, म्हणून बल्ब मुख्य नेटवर्कवर गेले. हा निर्णय आदर्श नाही हे मला माहीत आहे.

इथवर सगळं सरळ होतं. राउटरच्या पानावर पाहुण्यांसाठी दोन चौकटी होत्या, एक `Allow guests to see each other` आणि दुसरी `Allow guests to access my local network`. दोन्ही रिकाम्या ठेवल्या. पहिली रिकामी असली की एका पाहुण्याचा फोन दुसऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही, आणि दुसरी रिकामी असली की पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसत नाहीत. निदान पानावर तसं लिहिलेलं होतं.

मग लॅपटॉप पाहुण्यांच्या नेटवर्कवर नेऊन तपासायला बसलो.

तपासण्याची एक पद्धत आहे, आणि ती न पाळल्यास उत्तर फसवं येतं. आधी घरच्या नेटवर्कवरून तपासायचं, मग पाहुण्यांच्या. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला आहेस का असं विचारणं, आणि त्याला उत्तर आलं नाही याचा अर्थ वाट बंद आहे असाच होत नाही. विंडोजचा संगणक त्याच्या फायरवॉलमुळे एरवीही पिंगला उत्तर न देणं अगदी शक्य असतं. तेव्हा जे यंत्र घरच्या नेटवर्कवरून नक्की उत्तर देतं तेच पाहुण्यांच्या बाजूने गप्प राहिलं, तरच त्या शांततेला अर्थ. फोनवरून तपासत असाल तर मोबाइल डेटा बंद करून तपासा, म्हणजे कोणत्या वाटेने काय चाललंय याचा घोळ राहत नाही.

घरातली रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे दोन डबे आहेत. दाराजवळ इंटरनेट कंपनीने बसवलेला, ज्यात बाहेरून फायबर येते. त्याचा पत्ता 192.168.1.1. त्याच्यापासून एक केबल घराच्या मधल्या भागात येते आणि आमच्या स्वतःच्या राउटरला लागते, त्याचा पत्ता 192.168.0.1. वायफाय आम्ही या आतल्या राउटरचं वापरतो, कारण कंपनीच्या डब्याचं टोकाच्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही. डिस्क मात्र दाराजवळच्या कपाटात, कंपनीच्या डब्यालाच केबलने जोडलेली होती. तिथे वीज होती, जागा होती आणि तिचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. तिचा पत्ता 192.168.1.30.

पाहुण्यांच्या नेटवर्कवर लॅपटॉपला 192.168.10 ने सुरू होणारा पत्ता मिळाला. म्हणजे राउटरने तिसरीच मालिका दिली होती. मग हे चालवलं:

```
ping 192.168.0.1
ping 192.168.1.1
ping 192.168.1.30
```

पहिल्याला उत्तर नाही, हे हवंच होतं. दुसऱ्याला उत्तर आलं. तिसऱ्यालाही आलं. फाइल उघडण्याच्या खिडकीत `\\192.168.1.30` लिहिलं तर डिस्कवरचे फोल्डर ओळीने समोर, एकही प्रश्न न विचारता.

राउटर बिघडला नव्हता. त्याला सांगितलं होतं तेच तो करत होता. आतल्या राउटरच्या दृष्टीने घर म्हणजे 192.168.0 ची मालिका, एवढंच. त्याच्या मागच्या केबलपलीकडे जे काही आहे ते सगळं त्याच्यासाठी इंटरनेट. कंपनीचा डबा, त्याला लागलेली डिस्क आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा एखादा सर्व्हर यांत त्याला फरक दिसत नाही. पाहुण्यांना घर बंद आणि इंटरनेट खुलं ठेवायचं, आणि डिस्क तर इंटरनेटच्या बाजूला बसलेली.

हे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण घरातल्यांचे फोन आणि लॅपटॉपही त्याच राउटरमागून त्याच डिस्कपर्यंत व्यवस्थित पोहोचत असतात. राउटर हे एकाच बाजूने उघडणारं दार आहे. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत शिरता येत नाही. म्हणून दोन राउटर एकापुढे एक असतील तेव्हा सगळ्यात उघडी जागा असते ती बाहेरच्या डब्याची, आणि सगळ्यात राखीव जागा आतल्याची. आम्ही पाहुणे आत ठेवले होते आणि फोटो बाहेर.

आपल्याकडे असे दोन डबे आहेत का हे न आठवताही कळतं. विंडोजच्या संगणकावर हे चालवायचं:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ आपल्या राउटरची असते. दुसऱ्या ओळीतही 192.168 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर मधे आणखी एक राउटर आहे, आणि बहुतेक वेळा तो घरातच असतो. आमच्याकडे पाहुण्यांच्या बाजूने पहिली ओळ 192.168.10.1 आणि दुसरी 192.168.1.1 अशी आली. दुसरी ओळ 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तो घरातला डबा नसून इंटरनेट कंपनीच्या आतलं यंत्र असतं, त्याची इथे काळजी नको. 10 ने सुरू होणारा पत्ता दोन्हीपैकी कशाचाही असू शकतो. मग कंपनीच्या डब्याखाली चिकटवलेली चिठ्ठी वाचायची, डब्याचा पत्ता बहुधा तिथे छापलेला असतो.

यावर उपाय अनेक आहेत, आणि त्यांतला कोणता निवडायचा यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

पहिला म्हणजे कंपनीच्या डब्याला ब्रिज करणं. मग तो राउटर राहत नाही, फायबरवरून आलेलं नुसतं केबलवर देणारा डबा उरतो, आणि खरा इंटरनेट पत्ता आतल्या राउटरला मिळतो. साखळीच संपते, म्हणून हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण त्यासाठी डब्यात ती सोय उघडी असावी लागते आणि कंपनीकडून जोडणीचं नाव व पासवर्ड लागू शकतो. आमच्या डब्यावर तो पर्याय ग्राहकाला दिसतच नाही.

दुसरा, आतल्या राउटरला अॅक्सेस पॉइंट करणं. म्हणजे तो नुसतं वायफाय पसरवणार, राउटरचं काम कंपनीच्या डब्याकडे. ऐकायला हे सुटसुटीत वाटतं आणि दोन राउटरांची कटकट टळते हे खरं. पण तसं करून पाहिल्यावर पाहुण्यांच्या नेटवर्कवर लॅपटॉपला थेट 192.168.1 चा पत्ता मिळाला, म्हणजे डिस्कच्या शेजारचाच, आणि डिस्क पूर्वीसारखीच उघडली. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, पण नेटवर्क एकच. या अवस्थेत दोन्ही वेगळे ठेवायचे तर दोन्ही डब्यांना व्हीलॅन, म्हणजे एकाच केबलवरून वेगवेगळी नेटवर्कं चालवण्याची पद्धत, समजावी लागते, किंवा राउटर बनवणाऱ्याने त्यासाठी खास व्यवस्था केलेली असावी लागते. काही बनवणारे ती करतात. पत्ता एकाच मालिकेतला असूनही वाट बंद आहे असंही त्यांच्याकडे सापडतं, म्हणून पत्त्यावरून अंदाज करू नये, यंत्र उघडतं का तेच बघावं. आमचं उघडत होतं. मी ती सेटिंग परत फिरवली.

तिसरा, पाहुण्यांना बाहेरच्या डब्यावर बसवणं. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय पाहुण्यांना द्यायचं आणि घरातलं सगळं आतल्या राउटरमागे ठेवायचं. दाराची दिशा मग बरोबर होते. छोट्या घरासाठी मी हाच सुचवेन, कारण यात `Guest Network` ची सोयसुद्धा लागत नाही. आमच्याकडे अडचण अंतराची होती. पाहुणे जिथे झोपतात त्या खोलीत कंपनीच्या डब्याची एक काडी कशीबशी दिसते.

चौथा उपाय मी केला, आणि तो म्हणजे बाहेरच्या डब्याभोवतीची जागा रिकामी करणं. डिस्क उचलून आतल्या राउटरजवळ आणली आणि त्याच्याच मागच्या जोडणीत लावली. तिला आता 192.168.0 चा पत्ता मिळाला. राउटरच्या पानावर तो पत्ता तिच्यासाठी राखून ठेवला, नाहीतर एखाद्या वेळी वीज जाऊन आल्यावर तो बदलतो आणि सगळ्या लॅपटॉपवरचे शॉर्टकट मरतात. डिस्क आता दिवाणखान्यात घरघरते. घरात त्यावर थोडी कुरकुर झाली.

मग कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद केलं. ते कुणी वापरत नव्हतं तरी चालूच होतं, आणि त्याचा पासवर्ड डब्याच्या चिठ्ठीवर छापलेला होता. दाराशी उभं राहून कुणीही वाचावा असा.

एवढं केल्यावर पाहुण्यांच्या नेटवर्कवरून पुन्हा तपासलं. डिस्कचा जुना पत्ता गप्प, नवा पत्ता गप्प, प्रिंटरचं पान उघडत नाही, आतल्या राउटरचं पान उघडत नाही. पण 192.168.1.1 अजून उत्तर देत होता. ब्राउझरमध्ये टाकलं की कंपनीच्या डब्याचं लॉगिनचं पान येत होतं. हे या उपायाने जात नाही. पाहुण्यांना इंटरनेटवर जायला त्या डब्यातूनच जावं लागतं.

खरं तर आतल्या राउटरवर नियम लिहून तेवढं थांबवता येतं. पाहुण्यांकडून 192.168.1.0/24 कडे, म्हणजे 192.168.1 ने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांकडे, जाणारं सगळं अडवायचं, इतकाच नियम. त्याने इंटरनेट बंद पडेल अशी भीती वाटते, पण पडत नाही. डब्यातून पुढे जाणाऱ्या पाकिटांवर पत्ता बाहेरच्या सर्व्हरचा असतो, डब्याचा नसतो. अडचण येते ती पाहुण्यांच्या फोनला संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधण्यासाठी थेट 192.168.1.1 सांगितलेलं असेल तरच. मग जोडणी दिसते पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. ओपनडब्ल्यूआरटीसारखं सॉफ्टवेअर असलेल्या राउटरवर हा नियम सहज लिहिता येतो. आमच्या राउटरच्या पानावर अशा नियमाला जागा नाही. तेव्हा डब्याच्या लॉगिनचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून लांबलचक केला आणि तिथे थांबलो. पाहुण्याला ते पान दिसेल, उघडणार नाही. कारखान्याच्या त्या पासवर्डने पूर्वी कुणीही आत शिरून वायफायपासून नाव शोधणाऱ्या सर्व्हरपर्यंत काहीही बदलू शकलं असतं, म्हणून हे काम किरकोळ समजू नये.

डिस्कच्या सामायिक फोल्डरलाही पासवर्ड घातला. नेटवर्क वेगळं झाल्यावर त्याची गरज कमी झाली हे खरं, पण मुख्य नेटवर्कवर ते बल्ब आहेतच.

जुन्या नावाचं पाहुण्यांचं नेटवर्क मी थोडे आठवडे तसंच राहू दिलं. त्या काळात कोण कोण आलं, त्यांचे फोन कुठे जोडले गेले हे बघायला मिळालं, आणि घरातलं विसरलेलं एखादं यंत्रही सापडलं. यादी रिकामी राहायला लागली तेव्हा पाहुण्यांच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलले. जुना पासवर्ड त्या दिवशी निकामी झाला.

नाव देवनागरीत द्यावं अशी हौस होती. ‘पाहुण्यांसाठी’ असं टाकलं, राउटरने घेतलं नाही. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, ३ बाइट खातं. ‘पाहुण्यांसाठी’मध्ये अशी १३ चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट. ‘पाहुणे’ १८ बाइटांत बसतं. शेवटी रोमन लिपीतच ठेवलं, कारण काही जुन्या यंत्रांवर देवनागरी नावाच्या जागी नुसतीच चिन्हांची गिचमिड दिसते.

पासवर्डचं तत्त्व साधं ठेवलं. तो फोनवर बोटाने टाइप करता आला पाहिजे आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून सांगता आला पाहिजे. मोठी-लहान अक्षरं आणि विशेष चिन्हं यांनी तो सुरक्षित कमी आणि चुकीचा जास्त टाइप होतो. चार साधे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द सलग जोडले की लांबी आपोआप येते. मराठी शब्द घ्यायचे तर ज्यांचं रोमन स्पेलिंग सगळे एकच करतील असे घ्यावेत. ‘पिवळा’ घेतला तर कुणी v लिहितो, कुणी w, आणि ळ चा निकाल लागत नाही.

बहुतेक लोक तो टाइप करतच नाहीत, कारण मी क्यूआर कोड छापून ठेवला. त्यासाठी वेगळी सेवा लागत नाही. क्यूआर बनवणाऱ्या कुठल्याही साधनाला एवढा मजकूर दिला की पुरतो:

```
WIFI:T:WPA;S:Pahune;P:kamalnaditopisagar;;
```

`S:` नंतर नाव, `P:` नंतर पासवर्ड. नावात किंवा पासवर्डमध्ये `;`, `,`, `:` किंवा `\` यांपैकी एखादं चिन्ह असेल तर त्याच्याआधी एक `\` टाकावी लागते, नाहीतर कोड दिसतो नीट पण जोडणी होत नाही. असा कोड संगणकावरच चालणाऱ्या साधनाने बनवावा. अनोळखी संकेतस्थळावर घरचा पासवर्ड टाकून बनवण्यात काय अर्थ आहे? आणि तो खिडकीजवळ लावू नये, बाहेरून कॅमेऱ्याला दिसतो.

तक्रारी आल्या त्या टीव्हीवरून. माझी मावशी लग्नाचे फोटो दाखवायला आली होती. तिच्या फोनला टीव्ही सापडेना.

“अरे, मागच्या वेळी तर लगेच लागला होता,” ती म्हणाली.

“मावशी, आता तुझा फोन वेगळ्या नेटवर्कवर आहे.”

“मग मला आतल्या नेटवर्कवर घे की.”

फोनवरून टीव्हीला चित्र पाठवताना फोन आधी आसपास हाक देतो, की कुणी आहे का. ती हाक एका नेटवर्कच्या हद्दीबाहेर जात नाही. राउटर ती पुढे नेत नाही, म्हणून टीव्ही समोर असून फोनला दिसत नाही. यात बिघाड काही नाही, वेगळेपणाचाच तो परिणाम आहे. अशा वेळी `Allow guests to access my local network` ही चौकट तेवढ्यापुरती चालू करावी असं मनात येतं. मी ते करत नाही. ती चौकट एकट्या टीव्हीपुरती नसते, डिस्क आणि प्रिंटरही त्याच क्षणी उघडे होतात, आणि फोटो बघून झाल्यावर ती बंद करायला कुणालाच आठवत नाही. मावशीने फोटो माझ्या बायकोच्या फोनवर पाठवले, तिने टीव्हीवर लावले. ज्यांच्याकडे वारंवार लोक टीव्हीवर काही दाखवायला येतात त्यांनी एक एचडीएमआय केबल टीव्हीजवळ ठेवावी.

दुसरी तक्रार घरातूनच. मुलाच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघेना. त्याने कधीतरी मित्राला दाखवायला तो क्यूआर स्वतःच्या लॅपटॉपवर वापरला होता, आणि त्यानंतर लॅपटॉप कधी या तर कधी त्या नेटवर्कवर जात होता. घरातल्या प्रत्येक यंत्रावर पाहुण्यांचं नेटवर्क विसरायला लावणं हाच त्यावर इलाज. प्रिंटर किंवा डिस्क अचानक दिसेनाशी झाली की आता पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो, तू कुठल्या वायफायवर आहेस?

राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत झालं, किंवा कंपनीचा माणूस येऊन डबा बदलून गेला, की ते तीन पिंग मी पाहुण्यांच्या बाजूने पुन्हा चालवतो, तिसऱ्यात आता डिस्कचा नवा पत्ता घालून. डबा बदलला तर त्याचं वायफाय पुन्हा चालू अवस्थेत येतं आणि लॉगिनचा पासवर्ड पुन्हा कारखान्याचा होतो. तेवढं लगेच बदलून घेतो.

पाहुण्यांना प्रिंट हवी असेल तर ते फाइल आमच्यापैकी कुणाला तरी पाठवतात.